घेर, गाभा आणि सुई : ओव्हनमध्ये अख्खे बटाटे व रताळी भाजण्याच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२६

महाशिवरात्रीला, म्हणजे १५ फेब्रुवारीला, गावाबाहेरच्या महादेवाच्या यात्रेत आमच्या बचत गटाने भाजलेल्या रताळ्यांचा ठेला लावायचे ठरवले आहे. गटाकडे बिस्किटांसाठी घेतलेला २८ लिटरचा, १५०० वॉटचा ओटीजी आहे आणि त्यात आजवर अख्खे कंद कोणी भाजलेले नाहीत. चुलीच्या फुफाट्यात रताळे पुरून भाजणे घरोघरी येते. परंतु फुफाट्याला तापमानाची चकती नसते आणि वेळ विचारली तर "भाजेपर्यंत" एवढेच उत्तर मिळते. ओव्हनसाठी कोणत्या आकाराला किती तापमान व किती वेळ, आणि आतून शिजले हे न कापता कसे ओळखायचे, एवढ्याच दोन प्रश्नांसाठी ही वही सुरू केली आहे. आमच्याकडे बोलताना बटाट्याला आलूच म्हणतात. लिहिताना मात्र बटाटा हाच शब्द ठेवते.

आज फक्त ओव्हन तपासला. चकती २०० वर ठेवून मधल्या जाळीवर ओव्हनचा थर्मामीटर उभा केला, तेव्हा वीस मिनिटांनी तो १८० दाखवत होता आणि चकती २२० च्या थोडी मागे नेल्यावर आत खरोखरीचे २०० अंश आले. यापुढे या वहीत जे तापमान लिहिले जाईल ते थर्मामीटरचे असेल, चकतीचे नव्हे. गाभ्याचे तापमान मोजायला टोचणीचा डिजिटल थर्मामीटर आहे. तो उकळत्या पाण्यात धरून पाहिला असता ९९ दाखवतो, आणि आमच्या गावाच्या उंचीवर पाणी साधारण तेवढ्यालाच उकळते, म्हणून तो विश्वासार्ह मानला.

१३ जानेवारी

सुरुवात बटाट्यांनी केली, कारण ते बाराही महिने मिळतात आणि बिघडले तरी त्यांची भाजी होते. आठवडी बाजारातून आणलेले बटाटे आधी मिठाच्या पाण्यात टाकून पाहिले. १०० ग्रॅम मीठ आणि ९०० मिलिलिटर पाणी एकत्र केले की त्या पाण्याची घनता साध्या पाण्याच्या सुमारे १.०७ पट होते. त्यात जो बटाटा बुडतो त्यात पिठूळ भाग जास्त असतो आणि तो भाजल्यावर भुसभुशीत फुलतो. जो तरंगतो त्यात पाणी जास्त असते आणि तो कितीही भाजला तरी आतून ओलसर व चिकट लागतो. दुकानदाराला वाण विचारून उपयोग नव्हता, कारण त्याच्या लेखी बटाटे दोनच प्रकारचे असतात, नवे आणि जुने. वाणांचा फरक मात्र खरा आहे : वेफरसाठी तयार केलेल्या कुफरी चिप्सोनामध्ये घन भाग अधिक असतो, तर कुफरी पुखराज बराच पाणीदार असतो. (कुफरी हे शिमल्याजवळचे गाव आहे आणि तिथल्या बटाटा केंद्रावरून ही नावे पडली आहेत.) अकरा बटाट्यांपैकी सात बुडाले. तरंगलेले चार रश्श्यासाठी बाजूला काढले.

बुडालेल्यांपैकी तीन धुऊन, कोरडे पुसून, काट्याने प्रत्येकी सात-आठ ठिकाणी टोचून आणि सालीला शेंगदाण्याचे तेल चोळून २०० अंशांवर थेट जाळीवर ठेवले. टोचण्याचे कारण साधे आहे : आतल्या पाण्याची वाफ होते आणि साल फार घट्ट असली तर क्वचित बटाटा फुटतो. एक बटाटा मुद्दाम न टोचता ठेवला होता. तो आज फुटला नाही. पण फुटला असता तर ओव्हन घासायचे काम माझ्याकडेच आले असते, म्हणून हा प्रयोग पुन्हा करणार नाही.

आजचा घोटाळा असा झाला की वजनावरून वेळ धरली. तिन्ही बटाटे १५० ते १६५ ग्रॅमचे होते, त्यामुळे तिन्हींना ५५ मिनिटे दिली. लांबट बटाटा पूर्ण शिजला, तर गोल गरगरीत बटाट्याच्या मधोमध कचकचीत गोळी राहिली.

१७ जानेवारी

मधले तीन दिवस संक्रांतीत गेले. आज वजनाचा प्रश्न रताळ्यांवर सोडवला, कारण रताळ्यांच्या आकारात जितका फरक असतो तितका बटाट्यांत मिळत नाही.

लाल सालीची, आतून पांढरी, अशी दोन रताळी निवडली. दोन्ही काट्यावर २४० ग्रॅमच्या आसपास भरली. एक सडपातळ आणि वीतभर लांब होते. दुसरे आखूड आणि भोपळ्यासारखे फुगीर होते. शिवणकामाच्या टेपने दोघांचा सर्वांत जाड जागी घेर घेतला : पहिल्याचा १४ सेंटीमीटर, दुसऱ्याचा २१. घेराला ३.१४ ने भागले की जाडी मिळते, म्हणजे पहिले सुमारे साडेचार सेंटीमीटर जाड आणि दुसरे पावणेसात. दोन्ही एकाच वेळी २०० अंशांवर, एकाच जाळीवर, शेजारी ठेवली आणि तिसाव्या मिनिटापासून दर पाच मिनिटांनी गाभ्याचे तापमान घेतले. दार प्रत्येक वेळी उघडल्याने ओव्हन दहा-पंधरा अंशांनी उतरत होता, हे लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचावेत.

सडपातळ रताळ्याचा गाभा ३० व्या मिनिटाला ८४ अंशांवर होता, ४० व्या मिनिटाला ९४ वर गेला आणि ४६ व्या मिनिटाला ९७ झाला. फुगीर रताळ्याचा गाभा ३० व्या मिनिटाला अजून ५२ अंशांवर होता, तासाभराने ८८ वर आला आणि ९७ गाठायला त्याने ७९ मिनिटे घेतली. म्हणजे वजन एकच असूनही वेळेत अर्ध्या तासाहून जास्त अंतर पडले. उष्णता सालीकडून गाभ्याकडे आतल्या ओल्या गरातूनच सरकते आणि तो गर उष्णतेचा फार वाईट वाहक असतो; त्यामुळे कंद किती लांब आहे याला जवळजवळ महत्त्व राहत नाही, सर्वांत जाड जागी साल ते गाभा हे अंतर किती आहे एवढेच मोजायचे असते. शिवाय जाडी दीडपट झाली की वेळ दीडपटीपेक्षा बरीच जास्त वाढते. वरच्या आकड्यांत जाडी दीडपट आहे आणि वेळ पावणेदोन पटीच्या जवळ गेली आहे.

शेवटी असेही दिसले की गाभा ९० च्या पुढे गेल्यावर फार सावकाश चढतो आणि ९८-९९ वर येऊन थांबतो. आत पाणी आहे तोवर तो त्याहून वर जाऊ शकत नाही. शंभरच्या वर गाभा दाखवला तर टोचणी गाभ्यात नसून सालीच्या बाजूला गेली आहे असे समजावे. माझ्याकडून तसे एकदा झाले.

आजपासून काटा फक्त हिशेबासाठी वापरायचा. ओव्हनसाठी टेप.

१८ जानेवारी

सुईची परीक्षा. शिजले की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक वेळी डिजिटल थर्मामीटर हाताशी असेल असे नाही, आणि यात्रेच्या दिवशी तो कोणीतरी चहात बुडवणार हे जवळजवळ ठरलेले आहे. म्हणून हाताने कळणारी खूण हवी होती.

आधी पोती शिवायचा दाभण घेतला, कारण तो लांब व ताठ असतो. तो उकळून घेतला आणि ३० मिनिटे भाजलेल्या रताळ्यात घातला, तर तो लोण्यात जावा तसा आरपार गेला. खुशीत रताळे कापले आणि मधला रुपयाएवढा भाग कच्चा, दुधट निघाला. दाभणाच्या टोकाला धार असते. ते गर कापत जाते, त्यामुळे हाताला अडथळा लागतच नाही. भाजीच्या सुरीचेही तसेच झाले. त्यानंतर लोकरीचे विणकाम करायची जाड, गोल टोकाची सुई घेतली. बोथट टोक गर कापू शकत नाही, ते त्याला बाजूला सारत जाते, आणि न शिजलेला गर बाजूला सरायला तयार नसतो. सुई सालीतून जाताना थोडी अडते, तो अडथळा मोजायचा नाही. त्यापुढे गाभ्यापर्यंत तिचा वेग सारखा राहिला पाहिजे. मध्येच पाऊल दगडावर पडल्यासारखी एक ठेच लागली तर गाभा कच्चा आहे.

एकाच घेराची सहा रताळी वेगवेगळ्या वेळी काढून, आधी सुई घालून आणि मग थर्मामीटर घालून, दोन्ही जुळवून पाहिले. गाभा ८५ च्या खाली असताना सुई स्पष्ट ठेचाळते. ८८ ते ९३ मध्ये ती जाते, पण बाहेर ओढताना गर तिला धरून ठेवतो, आणि कापल्यावर रताळे खाता येण्याजोगे असले तरी दाताखाली किंचित कचकचते. ९६ च्या पुढे ती आत जाताना आणि बाहेर येताना सारखीच सैल असते. म्हणजे खरी खूण सुई आत जाण्यात नसून ती बाहेर येण्यात आहे.

शेजारच्या काकू हे सगळे दारातून पाहत होत्या. "काऊन वं बाई, त्या रताळ्याले एवढ्या वेळा टोचून रायली? दाबून पाय नं!" असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर निघाले. जाड फडक्यात धरून अंगठ्याने दाबले की शिजलेले रताळे दबते आणि दबलेलेच राहते. अर्धवट शिजलेले दबून पुन्हा वर येते. बटाट्याच्या बाबतीत दाबल्यावर सालीखालचा गर फुटल्याचे बोटाला जाणवते. पण फुगीर कंदाचा बाहेरचा दोन सेंटीमीटरचा थर गाभ्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी मऊ होतो, आणि अंगठ्याला तेवढाच थर कळतो. म्हणून १७ सेंटीमीटर घेरापर्यंत दाबून पाहणे पुरेसे आहे. त्यावर सुई हवीच.

२२ जानेवारी

बटाट्यांची घेरानुसार वेळ. सर्व बुडणारे, २०० अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये, जाळीवर, एका वेळी चार आणि मध्ये बोटभर अंतर.

१४ सेंटीमीटर घेराचे लहान बटाटे, म्हणजे साधारण ७० ग्रॅमचे, ४२ ते ४५ मिनिटांत ९७ अंशांवर आले. १९ सेंटीमीटर घेराच्या मध्यम बटाट्यांना ६२ ते ६७ मिनिटे लागली. २२ सेंटीमीटर घेराचा एक दांडगा, पावणेतीनशे ग्रॅमचा बटाटा ८४ मिनिटांनी झाला. रताळ्यांचे आकडे यापासून फार दूर नाहीत. त्याच घेराला रताळे दोन-चार मिनिटे इकडे-तिकडे करते.

तापमान २२० केले तर मध्यम बटाट्याची सातेक मिनिटे वाचतात आणि साल कुरकुरीत होते, पण दांडग्या बटाट्याची साल गाभा शिजण्याआधी काळपट पडते. १७० वर ठेवले तर मध्यम बटाट्यालाही दीड तासाच्या जवळ लागतो आणि साल चामड्यासारखी होते. बटाट्यासाठी २०० हाच मध्य ठीक वाटतो.

एक बटाटा अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून भाजला. तो लवकर शिजला नाही आणि बाहेर काढल्यावर उकडल्यासारखा निघाला : साल ओली, गर दाट. फॉइलमध्ये वाफ कोंडते आणि भाजण्याऐवजी वाफवणे होते. तसेच, भाजलेला बटाटा बाहेर काढल्याबरोबर उभी चीर देऊन दोन्ही टोकांकडून दाबून उघडला पाहिजे. पाच मिनिटे तसाच ठेवलेला बटाटा स्वतःच्याच वाफेने आत चिकट झाला होता.

२५ जानेवारी

आज वीज गेली आणि त्यातून या वहीतली सर्वांत उपयोगी नोंद मिळाली.

१९ सेंटीमीटर घेराचे चार बटाटे २०० अंशांवर २८ मिनिटे भाजले गेले होते आणि गाभा ६० वर होता, तेवढ्यात वीज गेली. दार न उघडता वाट पाहिली. बाहेरच्या गरम थरातली उष्णता आत सरकत राहिल्याने गाभा काही वेळ चढतच गेला, ६८ पर्यंत पोहोचला आणि मग हळूहळू उतरू लागला. वीज पावणेदोन तासांनी आली, तेव्हा गाभा ५५ वर होता. ओव्हन पुन्हा तापवून ४० मिनिटे भाजले आणि गाभा ९७ झाल्यावर बाहेर काढले. आकड्याच्या हिशेबाने ते शिजले होते. सुईने मात्र नाही म्हटले : ती गेली, पण सगळीकडे मेणातून जावे तसा घट्टपणा होता. आणखी २० मिनिटे ठेवूनही तो घट्टपणा पूर्ण गेला नाही. कापल्यावर गर पिठूळ फुलण्याऐवजी सुरीच्या पात्याला सरळ, चकचकीत काप देत होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बटाट्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने जोडलेल्या असतात आणि गाभा ८५ च्या पुढे गेला की ते द्रव्य विरघळू लागते. मऊ होणे म्हणजे मुख्यतः तेच. पण बटाट्यात एक विकर असते, ते साधारण ५५ ते ७० अंशांच्या दरम्यान जोरात काम करते आणि पेक्टिनमध्ये असा बदल घडवते की बटाट्यातलेच कॅल्शियम त्याला घट्ट बांधून टाकते. नेहमीच्या भाजण्यात हा टप्पा आठ-दहा मिनिटांत ओलांडला जातो, त्यामुळे विकराला फार काही करता येत नाही. आज तो टप्पा दीड तासाहून जास्त चालला. बांधलेले पेक्टिन नंतर ९७ अंशांनाही सहज सुटत नाही. थर्मामीटरवर पूर्ण विसंबू नये हे यातून दिसले, आणि १८ तारखेला सुईवर घालवलेला दिवस वाया गेला नाही.

गटात यावर असा निर्णय झाला. वीज गेली तेव्हा गाभा ९० च्या वर असेल तर दार बंदच ठेवावे. आतल्या उष्णतेवर दहा-पंधरा मिनिटांत काम पूर्ण होते. गाभा त्याहून खाली असेल तर वाट न पाहता कंद काढून लगेच गॅसवर कुकरमध्ये टाकावेत. भाजल्याची चव जाईल, पण माल वाचेल.

३१ जानेवारी

सासूबाईंचे पहिल्या दिवसापासून एकच म्हणणे होते की फुफाट्यातल्या रताळ्याची गोडी या डब्यातल्या रताळ्याला नाही. मी ते जुन्या आठवणींचे कौतुक समजत होते. आज शेजारी ठेवून खाल्ले आणि त्यांचे म्हणणे मान्य करावे लागले. रोडगे भाजून झाल्यावर गोवऱ्यांच्या फुफाट्यात पुरलेले रताळे आमच्या २०० अंशांच्या रताळ्यापेक्षा स्पष्ट गोड होते, आणि सालीच्या भेगेतून पाक ओघळून काळसर मण्यांसारखा थिजला होता.

फरक वेळेचा आहे. कच्च्या रताळ्यात साखरेपेक्षा पिष्ट कितीतरी जास्त असते. तापल्यावर ते पिष्ट फुगते, आणि रताळ्यातच असलेले एक विकर त्या फुगलेल्या पिष्टाचे माल्टोज नावाच्या साखरेत रूपांतर करते. हे साधारण ६० ते ८० अंशांच्या पट्ट्यात घडते. त्याखाली पिष्ट फुगलेले नसते आणि त्यावर विकर मोडून पडते. म्हणजे गाभा या पट्ट्यात जितका वेळ राहील तितके रताळे गोड होईल. फुफाट्याची धग बेताची असते आणि राख ती सावकाश आत सोडते, म्हणून तिथे हे आपोआप होते. बटाट्यात अशी गोडी काढण्यासारखे काही नसल्याने त्याला हीच सावकाशी केवळ नुकसानीची ठरते, हे २५ तारखेला दिसलेच आहे. दोन कंद दिसायला सारखे असले तरी त्यांना एकाच पद्धतीने भाजणे चूक आहे.

म्हणून एकाच घेराची, १६ सेंटीमीटरची, दोन रताळी घेतली. पहिले तापलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर भाजले. त्याचा गाभा ६० वरून ८० वर जायला १० मिनिटे लागली आणि एकूण ५४ मिनिटांत ते झाले. दुसरे थंड ओव्हनमध्ये ठेवून १५० वर एक तास आणि मग २०० वर २५ मिनिटे भाजले. त्याचा गाभा त्या पट्ट्यात २१ मिनिटे होता. सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि दोन मुलांना न सांगता दोन्ही दिली. चौघांनीही दुसरे गोड ठरवले. शेवटची २५ मिनिटे २०० वर आवश्यक आहेत, कारण त्यातच पाक बाहेर येतो, साल गरापासून सुटते आणि भाजल्याचा वास येतो. सगळा वेळ १५० वर ठेवलेले तिसरे रताळे गोड होते, पण फिके आणि उकडल्यासारखे लागले. पाक खालच्या रॉडवर पडून धूर होतो, त्यामुळे खालच्या खाचेत रिकामा ट्रे ठेवणे विसरू नये.

३ फेब्रुवारी

आज सात रताळ्यांपैकी दोन अशी निघाली की ९५ मिनिटांनंतर, गाभा ९८ असतानाही, मध्ये लाकडासारखा कठीण भाग होता. चौकशी केली तेव्हा कळले की ती दोन्ही मोठ्या जाऊबाईंनी आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवली होती. रताळे १२-१३ अंशांच्या खाली काही दिवस राहिले की त्याच्या गाभ्याला थंडी बाधते आणि तो भाग नंतर कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. बाहेरून काही कळत नाही. रताळी टोपलीत, घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवायची. बटाटेही फ्रिजमध्ये ठेवले की त्यांतले पिष्ट साखरेत बदलते आणि भाजल्यावर गर गोडसर व तपकिरी होतो; पण ते निदान मऊ तरी होतात.

७ फेब्रुवारी

पूर्ण भरलेल्या जाळीची चाचणी. आठ रताळी बोटभर अंतराने ठेवली तेव्हा ३१ तारखेचीच वेळ पुरली, फक्त शेवटी पाच मिनिटे वाढवावी लागली. चौदा रताळी एकमेकांना टेकवून ठेवली तेव्हा कडेची झाली आणि मधली चार अठरा मिनिटे मागे राहिली, कारण टेकलेल्या दोन रताळ्यांचा मिळून ओव्हनच्या दृष्टीने एक जाड कंदच होतो.

दुसरी अडचण विजेच्या दाबाची आहे. संध्याकाळी सात ते नऊ आमच्याकडे दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो, आणि रॉडची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, त्यामुळे २३० व्होल्टला १५०० वॉट देणारा रॉड तेव्हा जेमतेम ९२० वॉट देतो. भरलेला ओव्हन १५० पर्यंत कसाबसा जातो, पण शेवटच्या २५ मिनिटांसाठी २०० गाठतच नाही. यात्रेची सगळी रताळी पहाटे चार ते दुपारी बारा या वेळातच भाजायची.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. काल रात्री ४० रताळी घेराप्रमाणे तीन टोपल्यांत वेगळी केली : १४ ते १५, १६ ते १७, आणि १८ ते १९ सेंटीमीटर. त्याहून जाड एकही घेतले नाही. एका जाळीत एकाच टोपलीतली आठ. भिंतीवर खडूने लिहिले होते : पहिल्या टोपलीला १५० वर ५० मिनिटे व २०० वर २५, दुसरीला ६० व ३०, तिसरीला ७५ व ३५.

पहिली जाळी थंड ओव्हनमध्ये गेली. पुढच्या प्रत्येक जाळीला ओव्हन आधीच गरम असल्याने १५० चा भाग आठ-दहा मिनिटांनी कमी करावा लागला. हे आधी सुचले नव्हते आणि दुसऱ्या जाळीतली सडपातळ रताळी त्यामुळे सालीला जरा सुकली. प्रत्येक जाळीतले सर्वांत जाड रताळे सुईने तपासले, बाकीची दाबून. पाचव्या जाळीत १९ सेंटीमीटरचे एक रताळे सुई बाहेर ओढताना धरून ठेवत होते. त्याला एकट्याला १२ मिनिटे जास्त दिली. झालेली रताळी पोत्याने वेढलेल्या टोपलीत सुती फडक्यावर ठेवली. दीड तासाने एकाचा गाभा मोजला तर ६४ अंश होता.

उपवासाच्या लोकांनी सैंधव मागितले, ते आणायचे आम्ही विसरलो होतो. ३७ रताळी गेली.

१६ फेब्रुवारी

उरलेली तीन रताळी काल रात्री कोणीतरी फॉइलमध्ये गुंडाळून ओट्यावर ठेवली होती. ती टाकून दिली, आणि त्यावरून घरात थोडी बोलाचालीही झाली. जमिनीत वाढणाऱ्या कंदांच्या सालीवर बोटुलिझमच्या जंतूंची बीजे असू शकतात, भाजल्याने ती सगळी मरत नाहीत, आणि फॉइलच्या आत हवा नसलेल्या ओल्या उबेत ती वाढतात. १९९४ मध्ये अमेरिकेतील एल पासो शहरात फॉइलमध्ये भाजून तशीच बाहेर ठेवलेल्या बटाट्यांमुळे ३० जणांना ही विषबाधा झाली होती. भाजलेला कंद दोन तासांत खायचा, नाही तर उघडा करून, गार होताच फ्रिजमध्ये ठेवायचा. कच्च्या रताळ्याला फ्रिज वर्ज्य आणि भाजलेल्याला फ्रिजच, हे मोठ्या जाऊबाईंना दोनदा सांगावे लागले.

भिंतीवरच्या खडूच्या ओळींत दुरुस्ती केली : गरम ओव्हनमध्ये जाणाऱ्या जाळीला १५० वर दहा मिनिटे कमी, आणि १९ सेंटीमीटरच्या रताळ्याला २०० वर ३५ ऐवजी ४५.